गोदामात पाणी शिरलं: विमा कंपनीला मेल करण्याआधीची तयारी

पाणी ओसरलं की पहिला हात झाडूकडे जातो. तो आवरा आणि आधी मोबाइल काढा. भिंतीवर पाण्याने ओढलेली मातकट रेघ असते, तिच्याशेजारी टेप धरून फोटो घ्या. दोन दिवसांत ती सुकून पुसट होते आणि मग पाणी किती चढलं होतं हे सांगायला काही उरत नाही.

त्याच दिवशी एक छोटा मेल जाऊ द्या: पॉलिसी क्रमांक, गोदामाचा पत्ता, पाणी शिरल्याची तारीख आणि वेळ, अंदाजे नुकसान, सर्व्हेअर पाठवण्याची विनंती. आकडा पक्का नसेल तर ‘अंदाजे’ लिहा, पण मेल अडवून ठेवू नका. सविस्तर दावा ठरलेल्या मुदतीत लेखी द्यावा लागतो, तरी आपल्या पॉलिसीतली अट वाचून घ्या.

कारणाचं वाक्य जपून लिहा. नाला भरून पाणी शटरखालून आत येणं हा पूर. पत्र्यातून पावसाचं पाणी ठिबकणं ही वेगळी गोष्ट, आणि तिच्यावर वाद होतो. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहा: ‘पहाटे चारच्या सुमारास रस्त्यावरचं पाणी शटरखालून आत आलं, फरशीपासून दोन फूट चढलं.’ सोबत तलाठ्याचा पंचनामा आणि त्या दिवशीच्या पावसाची नोंद जोडा.

आता खरी मेहनत, म्हणजे मालाचा हिशेब. भिवंडीतल्या एका कापड व्यापाऱ्याचा दावा मी लिहून दिला होता, त्यावरून सांगतो. १ जुलैला पुस्तकात २,१५० ताके होते. नंतर ३०० आले, ५१० गेले, म्हणजे पाणी शिरलं त्या रात्री १,९४० असायला हवेत. मोजणीत कोरडे १,५२० आणि भिजलेले ४२० निघाले. बेरीज जुळली, म्हणून सर्व्हेअरला शंका घ्यायला जागा राहिली नाही. खरेदी बिलाप्रमाणे ताका ६,००० रुपयांचा, म्हणजे नुकसान २५,२०,००० रुपये. विक्रीचा भाव लावू नका, नफ्याची भरपाई मालाच्या पॉलिसीत नसते. भिजलेल्या मालाला तीन खरेदीदारांकडून लेखी भाव घेतले, त्यातला सर्वांत वरचा ताक्याला १,१०० होता. ते ४,६२,००० वजा केल्यावर दावा उरला २०,५८,००० रुपयांचा. माल हलवायची हमाली वेगळ्या ओळीत, पावत्यांसह दाखवली.

जीएसटीचं एक लक्षात ठेवा. नष्ट झालेल्या मालावर घेतलेलं क्रेडिट परत करावं लागतं, सीजीएसटी कायद्याचं कलम १७(५)(एच) तसं सांगतं. विमा रकमेत कर धरलेला असेल तरच तो दाव्यात मागता येतो, म्हणून सीएला आधी विचारा.

कागदपत्रांत पॉलिसीची प्रत, खरेदी-विक्रीची बिलं, स्टॉक रजिस्टर, ई-वे बिलं, जीएसटी विवरणपत्रं, गेल्या वर्षीचा ताळेबंद, भाडेकरार, फोटो, एवढं हवंच. पण बरेच दावे अडकतात ते बँकेला दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटवर. या व्यापाऱ्याने ३० जूनच्या स्टेटमेंटमध्ये १,९०० ताके दाखवले होते आणि पुस्तकात होते २,१५०. कारण साधं होतं: उरलेले २५० ताके उधारीवर आलेले होते आणि स्टेटमेंटमध्ये फक्त पैसे दिलेला माल धरला होता. हे आम्ही मेलमध्येच लिहिलं, त्या २५० ताक्यांची बिलं जोडली. सर्व्हेअरने फरक काढेपर्यंत वाट पाहिली असती तर हेच स्पष्टीकरण सारवासारव वाटलं असतं. कर्ज असेल तर मेलची प्रत बँकेलाही जाऊ द्या, कारण अशा पॉलिसीत दाव्याची रक्कम बहुधा बँकेकडेच जाते.

भिजलेला माल परस्पर विकू किंवा फेकू नका. कोरड्यापासून वेगळा रचा, नंबर टाका आणि सर्व्हेअर येईपर्यंत हात लावू नका. कोरडा माल वाचवायला मात्र कोणाची परवानगी लागत नाही, उलट तो वाचवणं ही विमेदाराचीच जबाबदारी धरतात.

शेवटी मुदती. ‘लवकरात लवकर’ लिहून काही हाती लागत नाही, तारखा मागा. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकातल्या मुदती धरून आम्ही लिहिलं: ‘२४ तासांत सर्व्हेअर नेमावा, १५ दिवसांत त्याचा अहवाल यावा आणि अहवालानंतर ७ दिवसांत निर्णय कळवावा. आणखी कागद हवे असतील तर त्यांची यादी एकदाच द्यावी.’ त्याखाली आणखी एक ओळ होती, जी मी कापडाच्या प्रत्येक दाव्यात घालतो: ‘ओल्या ताक्यांना बुरशी धरते आहे, रोज भाव पडतो आहे. पाहणीनंतर तीन दिवसांत हा माल विकायची लेखी परवानगी द्यावी, खरेदीदारांचे भाव सोबत जोडले आहेत.’