खाडीवरून आलेल्या आकड्यात नेमका कोणता बिट उलटला, ते कसं शोधावं

आमच्या वाडीखालच्या खाडीत होड्या लागतात त्या धक्क्याला मी पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर टांगला आहे. दर दहा मिनिटांनी तो पातळी सेंटीमीटरमध्ये मोजतो आणि बिनतारी लहरींवरून वर घरातल्या बोर्डाकडे पाठवतो. पहाटे होडी काढणारे शेजारी आधी तो आकडा विचारतात, कारण खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे आणि पाणी वीतभर कमी असलं तरी होडीचा तळ तिथे घासतो.

वळिवाच्या दिवसांत विजा चमकू लागल्या की पाठवलेल्या आकड्यातला एखादा बिट वाटेत उलटतो, म्हणजे ० चा १ होतो किंवा १ चा ०. पाणी १७८ असताना ५० आलं तर कोणालाही शंका येते. पण १७८ च्या जागी १६२ आलं तर ते अगदी खरं वाटतं, आणि मला भीती याच चुकीची होती. साधा पॅरिटी बिट, म्हणजे १ ची एकूण संख्या सम करणारा एक जादा बिट, लावला तर 'कुठेतरी चूक आहे' एवढंच कळतं. मला चुकीची जागा हवी होती, म्हणजे तो बिट परत उलटून खरा आकडा मिळवता येईल.

हीच गरज रिचर्ड हॅमिंग यांना बेल लॅब्जमध्ये भासली होती. शनिवार-रविवारी माणसं नसताना रिलेवर चालणारं गणकयंत्र चूक ओळखायचं आणि ते गणित सोडून पुढच्याकडे वळायचं. सोमवारी येऊन बघावं तर काम अर्धवट पडलेलं. चूक आहे हे यंत्राला कळतं, तर ती कुठे आहे हेही कळायला हवं, या विचारातून त्यांनी काढलेली रीत १९५० मध्ये प्रसिद्ध झाली. ती कागदावर हाताने करून बघूया.

चेक बिट किती लागतील?

माझा आकडा ८ बिटांचा आहे, ० ते २५५. त्यात काही चेक बिट मिसळायचे. प्रत्येक चेक बिट घेणाऱ्याला एका प्रश्नाचं 'बरोबर' किंवा 'चूक' असं उत्तर देतो. तीन चेक बिट घेतले तर उत्तरांच्या ८ जुळण्या होतात. पण तेव्हा एकूण बिट ११, म्हणजे चूक ११ पैकी कुठेही असू शकते किंवा कुठेच नसू शकते. शक्यता १२ आणि जुळण्या ८, म्हणजे पुरत नाहीत. चार चेक बिट घेतले तर जुळण्या १६ आणि शक्यता १३. पुरतात. चूक चेक बिटातही होऊ शकते, म्हणून मोजताना त्यांनाही धरायचं. नवशिक्याचं गणित बहुतेक इथेच फसतं.

त्यांच्या जागा कोणत्या?

बाराही जागांना डावीकडून १ ते १२ क्रमांक द्या. मोजणी १ पासूनच हवी. शून्यापासून मोजलंत तर पुढचं सगळं कोसळेल, कारण '०' हे उत्तर आपल्याला 'चूक नाही' यासाठी राखून ठेवायचं आहे.

आता किराणा दुकानातली वजनं आठवा. १, २, ४ आणि ८ किलोची एकेक वजनं असली तर १ ते १५ पर्यंतचं कुठलंही वजन तोलता येतं, आणि तेही एकाच प्रकारे. ७ म्हणजे ४+२+१. ११ म्हणजे ८+२+१. १२ म्हणजे ८+४. प्रत्येक जागेचा क्रमांक असा वजनांत मोडा. ज्या क्रमांकात १ चं वजन लागतं त्या जागा पहिल्या गटात, २ चं लागतं त्या दुसऱ्या गटात, आणि ४ व ८ चं तसंच.

```
गट 1:  1 3 5 7 9 11
गट 2:  2 3 6 7 10 11
गट 4:  4 5 6 7 12
गट 8:  8 9 10 11 12
```

चेक बिट १, २, ४ आणि ८ या जागांवरच का बसवायचे, ते या यादीत दिसतं. या चार जागा प्रत्येकी एकाच गटात येतात, बाकीच्या सगळ्या दोन किंवा अधिक गटांत. त्यामुळे एक चेक बिट ठरवताना दुसऱ्याचा हिशोब बिघडत नाही. ते दुसऱ्या जागांवर बसवले असते तर चारही एकमेकांत अडकले असते आणि समीकरणं सोडवत बसावं लागलं असतं.

पाठवायचा शब्द बांधा

१७८ म्हणजे १२८+३२+१६+२, बिटांत 10110010. हे आठ बिट उरलेल्या जागांवर, म्हणजे ३, ५, ६, ७, ९, १०, ११, १२ वर, क्रमाने ठेवा.

```
जागा:  1 2 3 4 5 6 7 8 9 10 11 12
बिट:   _ _ 1 _ 0 1 1 _ 0 0  1  0
```

नियम एकच: प्रत्येक गटात १ ची संख्या सम व्हायला हवी. गट १ मध्ये ३, ७ आणि ११ या जागांवर १ आहेत, म्हणजे तीन, विषम. म्हणून जागा १ वर १ लिहायचा. गट २ मध्ये ३, ६, ७, ११, चार झाले, म्हणून जागा २ वर ०. गट ४ मध्ये ६ आणि ७, दोन, म्हणून ०. गट ८ मध्ये फक्त ११, म्हणून जागा ८ वर १.

```
101001110010
```

धक्क्यावरचा सेन्सर हे बारा बिट पाठवतो. सम की विषम हे दोन्ही टोकांना एकच ठरलेलं असलं पाहिजे. पाठवणारा सम आणि घेणारा विषम धरत असेल तर चारही गट दर वेळी 'चूक' म्हणतात आणि उत्तर कायम १५ येतं. बारा जागांच्या शब्दात १५ वी जागाच नाही. असं सतत दिसलं तर लहरींना दोष देऊ नका, दोन्हीकडचा नियम जुळवा.

आलेल्या शब्दातली चूक शोधा

समजा घरी हे पोचलं:

```
101001010010
```

मूळ शब्द माहीत नाही असं समजून तपासा. पाठवताना चेक बिटाची जागा रिकामी होती, आता ती भरलेली आहे, म्हणून मोजताना तीही धरा.

गट १ मध्ये १, ३ आणि ११ वर १ आहेत. तीन, विषम, म्हणजे चूक. गट २ मध्ये ३, ६, ११, पुन्हा तीन, चूक. गट ४ मध्ये एकटा ६, चूक. गट ८ मध्ये ८ आणि ११, दोन, बरोबर.

चुकलेल्या गटांची वजनं मिळवा: १+२+४ = ७. सातव्या जागेचा बिट उलटला आहे. तिथे ० आहे, त्याचा १ करा. मग चेक बिट बाजूला काढून उरलेले आठ वाचा: 10110010, म्हणजे १७८. दुरुस्त न करता वाचलं असतं तर 10100010, म्हणजे १६२ मिळाले असते.

बेरीज थेट जागेवर का पोचते? सातवा बिट ज्या ज्या गटात आहे तिथली सम संख्या त्याने विषम केली, आणि ज्या गटात तो नाही तो गट शाबूत राहिला. तो कोणत्या गटांत आहे हे आपण त्याच्या क्रमांकावरूनच ठरवलं होतं. त्यामुळे बिघडलेले गट तोच क्रमांक पुन्हा लिहून देतात. मला ही या रीतीतली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

फक्त गट ८ चुकला तर उत्तर ८ येतं, म्हणजे चेक बिटच उलटलाय. आकडा शाबूत आहे, जसाच्या तसा वापरा.

बोर्डावर हे चार गट वेगळे मोजावे लागत नाहीत. XOR म्हणजे दोन आकड्यांचे बिट जोडीने बघायचे, वेगळे असतील तर १, सारखे असतील तर ०. ज्या जागांवर १ आहे त्यांचे क्रमांक एकमेकांशी असे XOR करत गेलं की `s` मध्ये चुकीची जागा उरते.

```
s = 0
for i in range(1, 13):
    if w[i] == 1:
        s = s ^ i
```

इथे `w[0]` रिकामी ठेवायची, म्हणजे मोजणी १ पासून होते.

दोन बिट उलटले तर

इथे ही रीत फसते, आणि गप्प राहून फसते. त्याच शब्दात ७ आणि ११ हे दोन्ही बिट उलटले असं धरा. तपासणीचं उत्तर १२ येईल. बोर्ड निष्पाप असलेला बारावा बिट उलटेल आणि १६१ दाखवेल. दोन चुकांच्या तीन झाल्या. ६ आणि ११ उलटले असते तर उत्तर १३ आलं असतं. तेरावी जागा नाही, म्हणून तिथे निदान गोंधळ उघड होतो. पण ते नशिबावर आहे.

म्हणून मी शेवटी आणखी एक बिट जोडतो, संपूर्ण शब्दातले १ सम करणारा. आपल्या शब्दात १ सहा आहेत, त्यामुळे तो ०. आता `s` शून्य नाही आणि एकूण १ विषम, तर एकच चूक धरून दुरुस्त करायचं. `s` शून्य नाही पण एकूण १ सम, तर दोन चुका. तो आकडा टाकून द्यायचा आणि पुढच्या दहा मिनिटांची वाट बघायची. `s` शून्य आणि एकूण विषम, तर तो शेवटचा बिटच बिघडलाय. तीन चुका मात्र एकीसारख्याच दिसतात, त्यावर या बिटांकडे उपाय नाही.

विजेचा कडकडाट एकाच बिटावर थांबत नाही, सलग चार-पाच बिट घेऊन जातो. त्यासाठी सेन्सर प्रत्येक वेळी ताजं मोजमाप आणि त्याआधीची सात, असे तेरा बिटांचे आठ शब्द पाठवतो. ते एकामागून एक पाठवायचे नाहीत. आधी आठही शब्दांचा पहिला बिट, मग आठही शब्दांचा दुसरा, असं जायचं. मग सलग आठ बिट बिघडले तरी प्रत्येक शब्दाच्या वाट्याला एकच चूक येते, आणि ती आपल्याला दुरुस्त करता येते.

एक सापळा मला पावसाळ्यात सापडला. खारट हवेने जोडणीची पिन गंजली आणि बोर्डाला सगळे बिट ० मिळू लागले. चारही गटांत १ ची संख्या शून्य, शून्य ही सम, म्हणून सगळं 'बरोबर' आणि पाणी ० सेंटीमीटर. उलट तार १ वर अडकली तर तेरा वेळा १ येतो, `s` १२ निघतो, एकूण विषम, आणि बोर्ड बारावा बिट 'दुरुस्त' करून २५४ दाखवतो. आमच्या धक्क्यावर पाणी कधीच ० ला उतरत नाही आणि उधाणालाही २५४ ला पोचत नाही. म्हणून हे दोन आकडे आले की बोर्ड ते दाखवत नाही, लाल दिवा लावतो, आणि मी पक्कड घेऊन धक्क्यावर उतरतो.