शाळेतल्या दादागिरीविरोधी सप्ताहासाठी पोस्टरवर काय लिहावं?

‘दादागिरी थांबवा’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं पोस्टर मुलं वाचतात आणि पुढे जातात. त्रास देणाऱ्या मुलाला वाटतं, आपण तर गंमत करतोय. बघणाऱ्यांना वाटतं, हे आपल्यासाठी नाहीच. म्हणून पोस्टर लिहायचं ते बघणाऱ्यांसाठी. वर्गात तेच सगळ्यात जास्त असतात, आणि चिडवणाऱ्याला जोर चढतो तो त्यांच्या हसण्याने.

आधी एकच जागा निवडा. कोथरूडच्या एखाद्या शाळेची व्हॅन धरा. मागच्या सीटवरची मुलं एकाला रोज ‘ढब्ब्या’ म्हणतात, त्याची बाटली फेकाफेकी करत फिरवतात. काका गाडी चालवत असतात, त्यांना मागचं दिसत नाही. यावर पहिला मसुदा बहुधा असा होतो: ‘सहप्रवाशांचा सन्मान करा.’ तिसरीतलं मूल ‘सहप्रवाशांचा’ या शब्दावरच अडखळतं, आणि नक्की करायचं काय, ते त्याला कळतच नाही. तेच असं लिहा:

व्हॅनमध्ये कुणाला रोज चिडवतात?
हसू नको.
त्याला म्हण, ‘इकडे बस.’
शाळेत आलं की बाईंना सांग.

तीन छोटी कामं, तिन्ही जमण्यासारखी. ‘त्याला अडव’, ‘उलट उत्तर दे’ असं मात्र लिहू नका. लहान मूल त्यात स्वतःच मार खाईल. ‘तू एकटा नाहीस’ लिहिलं की मुली बाजूला पडतात, म्हणून ‘बस’, ‘सांग’ अशी दोघांनाही चालणारी क्रियापदं घ्या. चिडवायचं नाव पोस्टरवर छापू नका. ज्यांना ते माहीत नव्हतं, त्यांनाही आयतं मिळेल. जाड किंवा चष्मेवाल्या मुलाचं चित्रही नको.

‘बाईंना सांग’ इथे मुलं खरी अडतात, कारण सांगणाऱ्याला लगेच ‘चुगलखोर’ म्हणतात. त्यासाठी दुसरं पोस्टर करा: ‘कुणाला ओरडा बसावा म्हणून सांगणं ही चुगली. कुणाचा त्रास थांबावा म्हणून सांगणं ही मदत.’ त्याखाली कोणत्या बाई, कुठे आणि कधी भेटतील ते लिहा; नुसतं ‘शिक्षकांना सांगा’ पुरत नाही. अर्थात त्या वेळी बाई तिथे सापडायला हव्यात. त्याखाली 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक द्या. तो मोफत आहे आणि चोवीस तास चालतो.

छापण्याआधी मसुदा तिसरीतल्या दोन-तीन मुलांना मोठ्याने वाचायला द्या आणि विचारा, ‘मग तू काय करशील?’ उत्तर ‘चांगलं वागेन’ असं आलं, तर मजकूर अजून धूसर आहे. ‘त्याला माझ्याजवळ बसवेन’ असं आलं, तर छापा.

पोस्टर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर लावून उपयोग नाही. व्हॅनच्या सीटच्या पाठीवर, पाण्याच्या नळांपाशी आणि स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा.