दोन्ही पायांवरची सूज : शिरांचे दुखणे समजण्याची चूक टाळा

दोन्ही पाय सुजले की बहुतेक जण दिवसभर उभे राहण्याला दोष देतात, मेडिकलमधून घट्ट मोजे आणतात आणि रात्री पायांखाली उशी घेतात. सकाळी सूज उतरलेली दिसली, की दुखणे शिरांचेच असल्याची त्यांची खात्री पटते. ही खात्रीच फसवी आहे, कारण हृदय कमजोर झाल्यानेही सुरुवातीला संध्याकाळी घोटे सुजतात आणि सकाळी ओसरतात. आडवे झाल्यावर पायांतले पाणी रक्तात परतते आणि कमजोर हृदयाला ते पेलले नाही, तर फुप्फुसांत साचते. त्यामुळे उताणे झोपल्यावर दम लागतो किंवा मध्यरात्री उठून बसावे लागते. अशा रुग्णाने पाय उंच ठेवणे किंवा घट्ट मोजे घालणे अपायकारक ठरू शकते.

शिरांची सूज बहुधा दोन्ही पायांवर सारखी नसते. आतल्या घोट्याच्या वर त्वचा तपकिरी पडते, खाज येते, फुगलेल्या निळसर शिरा दिसतात आणि पुढे तिथेच जखमही होते. पोट किंवा चेहरा मात्र सुजत नाही.

साठीचा, मधुमेह असलेला एक दुकानदार डोळ्यांसमोर आणा. शिरांतला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉपलर तपासणीत त्याच्या शिरांच्या झडपा थोड्या गळक्या निघतात आणि तपास तिथेच थांबतो. वास्तविक या वयात असा दोष अनेकांत सापडतो, म्हणून सुजेचे कारण तोच आहे असे ठरत नाही. सकाळी त्याच्या पापण्या फुगलेल्या असतात आणि लघवीला दाट, टिकणारा फेस येतो, हे त्याला कोणी विचारतच नाही. लघवीच्या साध्या तपासणीत प्रथिने बरीच आढळली, तर संशय मूत्रपिंडाकडे वळतो. मग लघवीतल्या प्रथिनांचे प्रमाण, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन आणि रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन पाहावे लागते. त्यातच पाय दुखतात म्हणून तो डायक्लोफेनॅकसारखी गोळी घेत राहिला, तर शरीरात मीठपाणी आणखी साठते आणि मूत्रपिंडही जास्त बिघडते.

यकृताच्या जुनाट आजारात बहुधा पोटात पाणी आधी भरते, पाय नंतर सुजतात. पोट वाढत असताना दंड बारीक होत असतील, तर ते वजन वाढल्याचे लक्षण समजू नये.

रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन घेणाऱ्यांचेही दोन्ही घोटे सुजतात आणि ती सूज लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी फारशी हटत नाही. तरीही गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांकडून बदलून घ्यावी. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर खोल शिरेतील गुठळीच्या शक्यतेमुळे, आणि सुजेबरोबर दम लागत असेल तर कारण कोणतेही असो, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.