मध्यरात्रीच्या विमानाची तारीख

अमेरिकेतल्या मुलाने आईबाबांना पाठवलेल्या तिकिटावर 06/05/2025, 12:40 AM असं असेल, तर ते ६ मे नव्हे, ५ जून. तिकडे महिना आधी लिहितात. पण मराठीत नुसतं ‘५ जून, रात्री १२.४०’ लिहिलंत तरी घोळ होतो, कारण आपण उजाडेपर्यंत आदलाच वार धरतो. आईबाबा गुरुवारी रात्री विमानतळावर पोहोचतील आणि विमान आदल्या रात्रीच गेलेलं असेल. म्हणून असं लिहा: ‘बुधवार, ४ जूनला रात्री ९.३० पर्यंत विमानतळावर पोहोचा. विमान मध्यरात्रीनंतर, म्हणजे गुरुवार, ५ जून सुरू झाल्यावर १२.४० ला सुटेल (मुंबईची वेळ).’ उतरण्याची वेळ मात्र तिथलीच ठेवा, भारतीय वेळेत बदलू नका. घ्यायला येणारा तिथलंच घड्याळ बघतो.