ब्रिजमध्ये मुखडाच पुन्हा लिहिताय? या चुका टाळा

ब्रिज म्हणजे गाण्यात दुसऱ्या मुखड्यानंतर आणि शेवटच्या मुखड्याआधी एकदाच येणारा वेगळा तुकडा. त्याला तालाच्या साधारण आठ आवर्तनांची जागा मिळते. ती जागा मुखड्याचाच अर्थ दुसऱ्या शब्दांत सांगण्यात वाया जाते, हे मी वारंवार बघतो.

गेल्या महिन्यात रंकाळ्याच्या काठावर बसून एका मुलानं मला त्याचं नवं गाणं ऐकवलं. खेड्यातून कोल्हापूरच्या तालमीत आलेला पोरगा आईला सांगतोय:

थांब जरा गं आई, मी येतो
गदा खांद्यावर घेऊन येतो

मुखडा छान, लाल मातीचा वास असलेला. पण ब्रिज असा होता:

दारात उभी तू वाट बघ
मान उंचावून येईन मग

मी त्याला दोन्हींचा अर्थ एकेका साध्या वाक्यात सांगायला लावला. दोन्ही वेळा एकच वाक्य आलं: "मी जिंकून येणार, तू थांब." हीच खरी कसोटी.

त्याचा पहिला उपाय होता चाल बदलण्याचा. मुखडा सी मेजरवर होता, म्हणून त्यानं ब्रिज ए मायनरवर सुरू केला. कानाला बदल जाणवला, पण सांगणं तेच राहिलं. मग त्यानं वादळ, चंद्र, वणवा अशा प्रतिमा आणल्या. चूक तीच, फक्त सजवलेली.

मी विचारलं, "या गाण्यात अजून कोण बोललेलं नाही?" आई! मग बराच वेळ खोडाखोड करून त्यानं लिहिलं:

गदा नको रे, नुसता ये
दार जुनंच, वाकून ये

पोरगा मान उंचावायची भाषा करत होता, आणि आईच्या डोळ्यांसमोर आहे ती घराची बुटकी चौकट, तिच्यात आता न मावणारा वाढलेला लेक. 'गं'च्या जागी 'रे' आला की बोलणारं माणूस बदललं हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं. मराठीत ही सोय आहे, ती ब्रिजच्या पहिल्याच ओळीत वापरा. उशिरा वापरलीत तर अर्धा ब्रिज कोण बोलतंय हे शोधण्यातच जातो.

यानंतर मुखडा जसाच्या तसा गायला, तरी "थांब जरा गं आई" हे आता वचन वाटत नाही. जिला गदा नकोच आहे, तिला तो अजून थांबवतोय. मुखड्याचा एकही शब्द बदललेला नाही. ब्रिज वगळून शेवटचा मुखडा गाऊन बघा. अर्थ तोच राहत असेल, तर ब्रिजनं काही केलेलं नाही.

उलटी चूकही होते. त्याच मुलानं आधी गावातली एक मैत्रीण ब्रिजमध्ये आणून पाहिली होती. आठ आवर्तनांत नवं माणूस उभं राहत नाही. बोलणारा बदला, काळ बदला, पण माणसं गाण्यात आधीपासून असलेलीच घ्या. आणि दुसरी बाजू सापडतच नसेल, तर ब्रिज काढून टाका. दोन कडवी आणि मुखड्यावरही गाणं उभं राहतं.