नऊ टक्के फ्लॅट की तेरा टक्के घटत्या शिलकीवर? कर्जाची तुलना करताना या चुका टाळा

तासगाव तालुक्यातला, दूध संकलन करणारा एक ओळखीचा मुलगा मोटारसायकलसाठी एक लाखाचं कर्ज काढायच्या बेतात होता. सांगलीच्या शोरूममध्ये बसणाऱ्या फायनान्सवाल्याने नऊ टक्के फ्लॅट सांगितलं, गावच्या पतसंस्थेने तेरा टक्के, घटत्या शिलकीवर. मुदत दोन्हीकडे ३६ महिने. त्याचं म्हणणं सरळ होतं, "दादा, नऊ कुठं अन् तेरा कुठं? यात काय बघायचं?"

बघायचं ते हप्त्यात आहे. फ्लॅटमध्ये व्याज पूर्ण एक लाखावर, पूर्ण तीन वर्षं लागतं. म्हणजे ९,००० गुणिले ३, एकूण २७,०००. मुद्दल धरून १,२७,००० झाले, त्याला ३६ ने भागलं की हप्ता ३,५२८ रुपये. पतसंस्थेचा हप्ता येतो ३,३६९. तेराचा हप्ता नऊच्या हप्त्यापेक्षा महिन्याला १५९ रुपयांनी कमी! तीन वर्षांत फरक साधारण ५,७०० रुपयांचा.

पहिली चूक: टक्क्याशी टक्का लावणं

हे दोन टक्के एकाच मापाचे नाहीत. फ्लॅटमध्ये दर महिन्याला २,७७८ रुपये मुद्दल फिटतं आणि ७५० रुपये व्याज जातं. पस्तीस हप्ते भरून झाले की सावकाराचे तुमच्याकडे फक्त २,७७८ रुपये उरतात, तरी त्या शेवटच्या महिन्याचंही व्याज ७५० रुपयेच. पैसे परत जात राहतात, व्याज मात्र पहिल्या दिवशीच्या रकमेवरच चालू राहतं. घटत्या शिलकीत व्याज उरलेल्या मुद्दलावरच लागतं.

दर कुठला सांगितलाय हे विचारूनही धड उत्तर मिळत नसेल तर कागदावरचा हप्ता तपासा. एक लाख, ३६ महिने, नऊ टक्के खरोखर घटत्या शिलकीवर असते तर हप्ता सुमारे ३,१८० आला असता. कागदावर ३,५२८ असेल तर तो फ्लॅट आहे, समोरचा काहीही म्हणो. आणि तुलना करताना रक्कम आणि महिने दोन्हीकडे सारखेच धरा. एकीकडे ३६ आणि दुसरीकडे ४८ महिने धरले की ४८ चा हप्ता लहान दिसतो आणि तेच कर्ज स्वस्त वाटायला लागतं.

दुसरी चूक: "फ्लॅटचं दुप्पट करा" यावर विसंबणं

बाजारात हा ठोकताळा सर्रास चालतो. नऊचे अठरा, बाराचे चोवीस. धोक्याची सूचना म्हणून ठीक आहे, पण निर्णय त्यावर घेऊ नये, कारण तो जास्तीचा आकडा दाखवतो आणि मुदत लांबली की आणखी चुकतो. आपल्या उदाहरणात खरा दर अठरा नाही, सव्वासोळा आहे. एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये एवढं टाका:

```
=RATE(36,-3528,100000)*12
```

उत्तर सुमारे १६.२५ टक्के. पहिला आकडा महिन्यांचा, दुसरा हप्त्याचा, तिसरा हातात आलेल्या रकमेचा. इथे अडचणी ठरलेल्या असतात. हप्त्याआधीचं उणे चिन्ह राहिलं तर `#NUM!` येतं, कारण पैसे आले आणि गेले हे शीटला कळायला हवं. `*12` राहिलं तर दीड टक्क्याच्या आतला आकडा दिसतो, तो महिन्याचा दर असतो. आणि नुसतं १६% दिसलं तर सेलमध्ये दशांश वाढवा, शीटने आकडा गोल केलेला असतो.

सूत्र नको असेल तर फोनवरचं कोणतंही हप्ता कॅल्क्युलेटर उघडा. एक लाख आणि ३६ महिने तसेच ठेवा आणि हप्ता ३,५२८ येईपर्यंत व्याजदर वर सरकवत जा. जिथे जुळला तो खरा दर. हप्ता कॅल्क्युलेटर घटत्या शिलकीवरच हिशेब करतात, म्हणून ही युक्ती चालते.

तिसरी चूक: मंजूर रक्कम धरणं, हातातली नाही

मला ही सगळ्यात महागडी चूक वाटते. फायनान्सवाल्याने प्रोसेसिंग फी आणि विमा मिळून ३,००० कापले. हप्ता मात्र पूर्ण एक लाखावरच राहिला. मग सूत्रात १,००,००० ऐवजी ९७,००० घाला:

```
=RATE(36,-3528,97000)*12
```

दर १८.४ टक्क्यांवर जातो. तीन हजारांनी दोन टक्क्यांहून जास्त भर घातली.

पण पतसंस्थेलाही हाच काटा लावला पाहिजे, नाहीतर तुलना एकतर्फी होईल. तिथे फायलीचे १,००० आणि शेअर्सचे २,५०० कापले गेले. शेअर्सचे पैसे कर्ज फिटल्यावर परत मिळतात, म्हणून ते शेवटी येणारी रक्कम म्हणून चौथ्या जागी घालायचे:

```
=RATE(36,-3369,96500,2500)*12
```

हे येतात सुमारे १४.३ टक्के. म्हणजे नऊ विरुद्ध तेरा असं जे दिसत होतं, ते प्रत्यक्षात १८.४ विरुद्ध १४.३ आहे. शेअर्स परत कधी मिळणार हे मात्र आधी विचारा. मिळालेच नाहीत तर चौथा आकडा काढून टाका, दर पंधराच्या पुढे जाईल.

हे गणित तुम्हाला करून देणं बँका आणि फायनान्स कंपन्यांवर बंधनकारक आहे. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ मुदत कर्जांसोबत मुख्य तथ्यांचा तक्ता द्यावा लागतो. त्यात फी, विमा वगैरे धरून वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो, आणि तक्ता कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवा. सहीच्या आधी तो मागा आणि एपीआरचा आकडा तुमच्या शीटच्या उत्तराशी ताडून पाहा. सहकार खात्याच्या नोंदणीखालच्या पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाहीत, त्यामुळे तिथे हिशेब स्वतःच करायचा.

चौथी चूक: मुदतीआधी फेडण्याचा विचार न करणं

दिवाळीला बोनस आला, हळदीला चांगला भाव मिळाला, की कर्ज उतरवून टाकू असं अनेकांच्या डोक्यात असतं. आपल्या फ्लॅट कर्जात १८ हप्ते भरल्यावर खऱ्या दराने उरलेली शिल्लक सुमारे ५६,००० भरते. तेवढी मागितली, वर ठरलेलं मुदतपूर्व शुल्क लावलं, तर हिशेब समजण्यासारखा आहे. पण काही ठिकाणी उरलेले सगळे हप्ते, म्हणजे १८ गुणिले ३,५२८, जवळजवळ ६३,५०० मागतात. मग लवकर फेडून एक रुपयाही वाचत नाही, उलट पुढच्या व्याजाचे पैसे आजच जातात. म्हणून सहीआधीच विचारा, "अठराव्या हप्त्यानंतर बंद करायचं म्हटलं तर किती भरायचे?" आणि तो आकडा लेखी घ्या.