गुणतक्त्याचा फोटो पाहून गणित मांडताय? या चुका टाळा

ग्रुपवर गुणतक्त्याचा फोटो येतो आणि लगेच चर्चा सुरू होते, ‘आपण फक्त जिंकलो की पुढे!’ फोटो तिरका, एका कोपऱ्यावर बोटाची सावली, पण त्यावर सगळ्यांचा पूर्ण विश्वास. वीस षटकांच्या क्रिकेट लीगचं एक काल्पनिक उदाहरण घेऊन पाहू.

सहा संघ, प्रत्येकी पाच सामने, विजयाला दोन गुण, पहिले दोन पात्र. प्रत्येकाचे चार सामने झालेत. अ आणि ब संघांचे 6-6 गुण, क आणि ड यांचे 4-4, इ आणि फ यांचे 2-2. आपला संघ क.

पहिली चूक म्हणजे अंक वाचल्यावर बेरीज न करणे. धूसर फोटोत 3 चा 8 होतो, 1 चा 7 होतो. ‘सामने’ या रकान्याची बेरीज 24 आली म्हणजे 12 सामने झाले. मग सगळ्यांचे विजय मिळून 12, पराभव 12 आणि गुण 24 यायला हवेत. क चे विजय 2 ऐवजी 3 वाचले, तर विजय 13 होतात आणि चूक तिथेच पकडली जाते. पावसाने वाहून गेलेला सामना असेल तर दोघांना एकेक गुण मिळतो, पण विजय-पराभव कमी होतात, हे धरून चाला. बेरीज 24 ऐवजी 22 आली, तर बहुधा फोटो एक सामना जुना आहे.

सगळ्यात घातक असते ती वजाची रेघ, कारण फोटोत ती सहज पुसली जाते. क चा नेट रनरेट 0.250 दिसतोय. शेजारच्या रकान्यांत केलेल्या धावा 80 षटकांत 620 आणि दिलेल्या धावा 80 षटकांत 640 आहेत. 620 भागिले 80 म्हणजे 7.75, तर 640 भागिले 80 म्हणजे 8. नेट रनरेट म्हणजे पहिल्या सरासरीतून दुसरी वजा, म्हणजे खरा आकडा उणे 0.250!

आता उरलेले सामने पाहा: अ-ब, क-ड आणि इ-फ. ‘अ आणि ब दोघेही हरले तर...’ असं म्हणणारा एकजण असतोच. पण ते एकमेकांशीच खेळणार आहेत. एक जण 8 वर जाणार, दुसरा 6 वर राहणार. (सामना वाहून गेला तर दोघे 7 वर आणि क चा खेळ खलास.) म्हणजे क ने ड ला हरवलं तरी 6 गुणच होतात आणि हरलेल्या संघाशी रनरेटवर गाठ पडते. मात्र समान गुण असताना आधी आपसातला निकाल पाहायचा की रनरेट, हे त्या लीगच्या नियमांत बघा.

समजा अ-ब सामना आधी झाला, ब हरला आणि त्याचा रनरेट 0.100 वर थांबला. क ने आधी खेळून 160 केल्या, तर 100 षटकांत 780, म्हणजे सरासरी 7.8. दिलेल्या धावा 770 च्या आत हव्यात, म्हणजे ड ला 129 वर रोखायचं. 31 धावांनी विजय. ड आधीच सर्वबाद झाला तरी हिशेबात त्याची पूर्ण 20 षटकंच धरतात; इथेही अनेकजण फसतात.

उलट ड ने पूर्ण 20 षटकांत 160 केल्या, तर दिलेल्या धावांची सरासरी 8 होते आणि क ला 8.1 च्या वर जायचंय. 161 धावांत संपवायचं तर 781 भागिले 8.1 म्हणजे 96.42 षटकं, त्यातून जुनी 80 वजा जाता 16.42. लोक इथे ‘16.4 षटकं’ लिहून मोकळे होतात. पण क्रिकेटचं 16.4 म्हणजे 16 षटकं 4 चेंडू, दशांशात 16.67. आपले 0.42 षटक म्हणजे अडीच चेंडू, म्हणून मर्यादा 16.2. सोळा षटकं तीन चेंडू झाले तर रनरेट 0.093 वरच अडकतो.

तरीही तिसऱ्या चेंडूनंतर सामना सोडून देऊ नका. धावसंख्या 160 वर बरोबरीत असताना षटकार बसला, तर 166 होतात आणि मर्यादा 17 षटकांपर्यंत सरकते. 2023 च्या आशिया कपमध्ये लाहोरला श्रीलंकेविरुद्ध अफगाणिस्तानला 37.1 षटकांत 292 हव्या होत्या. तो चेंडू गेल्यावर सगळं संपलं असं त्यांनी मानलं, प्रत्यक्षात 37.4 पर्यंत 295 केल्या असत्या तरी ते पुढे गेले असते. ते 37.4 लाच 289 वर सर्वबाद झाले.